रजिस्टरातली वेळ शीटमध्ये आणताना : हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये बायॉप्सीचं रजिस्टर अजून हातानेच लिहिलं जातं. कापडी पाठीचं, आडवं, जाड रजिस्टर. डावीकडून तारीख, लॅब नंबर, पेशंटचं नाव, वय, हॉस्पिटल, काय आलं, आल्याची वेळ, किती ब्लॉक झाले, निदान, रिपोर्टची तारीख आणि शेवटी रिपोर्ट नेणाऱ्याची सही. मिरज, तासगाव, विटा, पलूस, जत अशा ठिकाणांहून बरण्या येतात. काही हॉस्पिटलचा माणूस घेऊन येतो, काही एसटीने येतात, आणि बऱ्याच पेशंटच्या नातेवाइकांच्या हातातल्या पिशवीतून येतात.

या रजिस्टरावरून प्रत्येक नमुन्याच्या वेळांची एक शीट कशी करायची, ते इथे सांगतो. नमुना शरीरातून कधी काढला, फॉर्मलिनमध्ये कधी टाकला, लॅबमध्ये कधी पोचला, काप देऊन ग्रॉस कधी केला, प्रोसेसरमध्ये कधी गेला आणि रिपोर्टवर सही कधी झाली, या त्या सहा वेळा. मी फक्त हिस्टोपॅथॉलॉजीबद्दल, म्हणजे फॉर्मलिनमध्ये येणाऱ्या तुकड्यांबद्दल लिहितोय. रक्ताच्या नळ्यांचा हिशेब मिनिटांचा असतो आणि तिथली घोटाळ्याची ठिकाणंही वेगळी असतात.

वेळ का लागते

ऊती, म्हणजे टिश्यू, शरीराबाहेर आली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी आतून सडायला लागतात. फॉर्मलिन ही सड थांबवतं. पण फॉर्मलिन आत झिरपायला वेळ घेतं. सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर धरा, पुढे वेग कमी होत जातो आणि चरबीत तर तो आणखीच मंद असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यावर पुढे ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. त्यासाठी नमुना काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये जावा आणि फॉर्मलिनमध्ये किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहावा, असा मान्य नियम आहे. वेळ कमी पडली किंवा फार जास्त झाली तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि त्या उत्तरावर त्या बाईची औषधं ठरणार असतात. पुण्या-मुंबईच्या लॅबला ब्लॉक पाठवताना हे तास कळवावे लागतात. रजिस्टरात नुसती तारीख असेल तर ते कळवता येत नाहीत.

शीटचे रकाने

एका पेशंटची एक ओळ करू नका, एका बरणीची एक ओळ करा. गर्भाशय एका बरणीत आणि अंडाशय दुसऱ्या बरणीत आलं, आणि अंडाशय दुसऱ्या दिवशी ग्रॉस झालं, तर एका ओळीत दोन वेळा मावत नाहीत. ब्लॉकवार ओळी करायचीही गरज नाही, त्याने शीट फुगते आणि कामाचं काही हाती लागत नाही.

रकाने असे ठेवा :

- `A` लॅब नंबर
- `B` बरणी क्रमांक
- `C` प्रकार : लहान, मोठा, हाड
- `D` हॉस्पिटलचा कोड
- `E` काढला
- `F` फॉर्मलिनमध्ये टाकला
- `G` आला
- `H` ग्रॉस केला
- `I` प्रोसेसरला लावला
- `J` सही झाली
- `K` आधार
- `L` शेरा

पेशंटचं नाव शीटमध्ये अजिबात घालू नका. लॅब नंबर असला की रजिस्टर उघडून नाव सापडतं. ही शीट पुढे चार जणांच्या मोबाइलवर फिरते, तिथे कुणाच्या गाठीचं निदान नावासकट जाऊ नये.

लॅब नंबर भरायच्या आधी `A` रकान्याचं फॉरमॅट `Plain text` करा (एक्सेलमध्ये ते `Text` असतं). आमच्याकडे नंबर `318/25` असा लिहितात. जानेवारीतला `3/25` तसाच टाइप केला की शीट त्याची तारीख करून टाकते आणि तिथे मार्च २०२५ दिसायला लागतो. एक ते बारा नंबरांचं हमखास असं होतं, तेराव्यापासून सगळं बरोबर दिसतं, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. नंबरापुढे `H-` लावलं, म्हणजे `H-3/25` लिहिलं, तर ही भानगडच उरत नाही.

वेळेच्या प्रत्येक रकान्यात तारीख आणि वेळ एकत्र लिहा, २४ तासांच्या घड्याळात :

```
2025-03-08 14:50
```

वर्ष आधी लिहिण्याची सवय नसते, पण ती लावून घ्याच. `05/03/2025` हा आपल्यासाठी ५ मार्च. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती त्याला ३ मे समजते आणि काहीच बोलत नाही. `13/03/2025` तिला कळत नाही, म्हणून तो नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटून राहतो. खात्री करायची असेल तर बाजूच्या रिकाम्या खान्यात हे टाका, `TRUE` आलं पाहिजे :

```
=ISNUMBER(G2)
```

गुगल शीट्समध्ये `File` > `Settings` > `Locale` इथे `India` निवडून ठेवा. तरीही वर्ष-महिना-दिवस हीच पद्धत पाळा, कारण शीट कुणाच्या कॉम्प्युटरवर उघडेल ते आपल्या हातात नसतं.

रजिस्टर वाचणं

खरं काम इथे आहे. सूत्रं तासाभरात शिकून होतात, रजिस्टर वाचायला शिकायला मला काही महिने लागले.

सुरुवात पूर्ण झालेल्या एका महिन्याने करा. दोघांनी बसा : एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं आणि टाइप केलेलं परत म्हणून दाखवायचं. भरून झालेल्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब द्या. रजिस्टरात पेनाने काही खोडू नका, सुधारू नका. चूक सापडली तरी ती शीटच्या शेऱ्यात लिहा. रजिस्टर हा मूळ कागद आहे, तो जसा लिहिला गेला तसाच राहिला पाहिजे.

आता आकड्यांकडे बघा. आमच्याकडे मामा मराठी आकडे लिहितात आणि टेक्निशियन इंग्रजी. मराठी १ आणि इंग्रजी 9 घाईत लिहिले की सारखेच दिसतात. मराठी ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो, मराठी ७ वर लक्ष नसलं तर तो 6 वाचला जातो. एका पानावर दोन्ही हातांच्या नोंदी असतात, तेव्हा आधी अक्षर कुणाचं ते बघायचं आणि मग आकडा वाचायचा. `१.३०` हे दुपारी दीड आहे की सकाळी साडेनऊ, हे नुसत्या त्या खान्याकडे बघून सांगता येत नाही. त्याच हाताने लिहिलेला वयाचा किंवा नंबराचा आकडा शोधा, म्हणजे त्या माणसाचा १ आणि 9 कसा असतो ते कळतं.

सकाळ-संध्याकाळ बहुतेक लिहिलेलं नसतं. `६` म्हणजे संध्याकाळी सहा, कारण सकाळी सहाला लॅब उघडी नसते, हे धरून चालता येतं. पण `८` दोन्ही असू शकतं. तिथे मागच्या-पुढच्या नंबरांच्या वेळा बघा, नंबर क्रमानेच पडलेले असतात.

तिसरी गोष्ट तारखेखालच्या खुणा. पहिल्या ओळीत तारीख लिहिली जाते आणि खाली सगळीकडे ॥ अशा दोन उभ्या रेघा. दिवस बदलला, माणूस बदलला, पण रेघा ओढत जायची सवय तशीच राहते. शनिवारच्या तारखेखाली सोमवारचे चार नमुने गेलेले मी बघितले आहेत. शाईचा रंग बदलला, अक्षर बदललं किंवा वेळ अचानक मागे गेली, म्हणजे संध्याकाळी ७ नंतर लगेच सकाळी १०.३० आलं, की तिथे दिवस बदललेला असण्याची शक्यता धरा.

आणि सगळ्यात मोठी फसगत : "आला" या खान्यातली वेळ नमुना आल्याची आहे की रजिस्टरात लिहिल्याची? कामाच्या गडबडीत बरण्या टेबलावर ठेवल्या जातात आणि संध्याकाळी एकदम नोंदवल्या जातात. मग ओळीने सात-आठ नमुन्यांपुढे एकच वेळ दिसते. शीट भरून झाल्यावर हे असं शोधा :

```
=COUNTIF(G:G,G2)
```

पाच किंवा जास्त आकडा आला तर ते पान परत उघडा. सगळे एकाच हॉस्पिटलचे असतील तर एकाच पिशवीतून आलेले असू शकतात, मग ती वेळ खरी. वेगवेगळ्या गावांचे असतील तर ती लिहिण्याची वेळ आहे. अशा ओळींत `G` रिकामा ठेवा आणि दुसरा आधार शोधा.

दुसरा आधार कुठे मिळतो

काढल्याची वेळ हॉस्पिटलच्या फॉर्मवर असते, नसली तर बरणीच्या लेबलवर कधीकधी सापडते. आल्याची वेळ पावतीवर मिळते. आमची पावती कॉम्प्युटरवरून निघते, तिच्यावर मिनिटासकट वेळ छापली जाते आणि पैसे बहुतेक बरणी देतानाच भरले जातात. प्रोसेसरला लावल्याची वेळ प्रोसेसरशेजारच्या वहीत असते. सहीची वेळ रिपोर्टवर किंवा रिपोर्टच्या फाइलवर असते.

रजिस्टरातली "रिपोर्टची तारीख" सहीची वेळ म्हणून घेऊ नका. बहुतेक ठिकाणी ती रिपोर्ट नेल्याची तारीख असते, कारण नेणाऱ्याची सही घेतानाच ती लिहिली जाते. मंगळवारी तयार झालेला रिपोर्ट जतहून माणूस शुक्रवारी न्यायला आला, तर मधले तीन दिवस लॅबच्या माथी बसतात.

रजिस्टराखेरीज दुसरीकडून घेतलेली वेळ असेल तर `K` मध्ये तसं लिहा : `E फॉर्म, G पावती`. आणि वेळ मिळालीच नाही तर खाना मोकळा सोडा. फॉर्मवर नुसतं "दुपारी" असेल तर शेऱ्यात "दुपारी" लिहा, `E` मध्ये `14:00` टाकू नका. टाकलंत तर सहा महिन्यांनी ती अंदाजाची वेळ होती हे तुम्हालाही आठवणार नाही, आणि कुणीतरी तिच्यावरून फॉर्मलिनचे तास काढून बाहेरच्या लॅबला कळवेल.

वजाबाकी

शीटच्या दृष्टीने तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते आणि वेळ हा दिवसाचा भाग. म्हणून दोन वेळांची वजाबाकी दिवसांत येते, तास हवे असतील तर २४ ने गुणायचं. काढल्यापासून येईपर्यंतचे तास :

```
=IF(COUNT(E2,G2)=2,(G2-E2)*24,"")
```

`COUNT` ची अट गाळू नका. `E` रिकामा असताना नुसतं `G2-E2` केलं तर शीट रिकाम्याला शून्य धरते. ८ मार्च २०२५ ही तारीख तिच्यासाठी ४५७२४ वा दिवस असते, त्याला २४ ने गुणलं की जवळपास अकरा लाख तास. असला आकडा दिसला तर कुठला तरी खाना रिकामा आहे, असं समजा. उत्तर तारखेसारखं दिसायला लागलं तर त्या खान्याचं फॉरमॅट `Number` करा.

असेच आणखी दोन रकाने करा : आल्यापासून प्रोसेसरपर्यंत `(I2-G2)*24` आणि आल्यापासून सहीपर्यंत `(J2-G2)*24`. दोन्हींना तशीच `COUNT` ची अट लावा. कुठेही उणे आकडा आला की तिथे दोनपैकी एक वेळ नक्की चुकीची आहे, कारण काढायच्या आधी नमुना पोचू शकत नाही.

एका गाठीचा प्रवास

मार्च २०२५ भरताना आलेली एक ओळ सांगतो. नंबर इथे बदलला आहे. रजिस्टरात असं होतं : तारखेच्या खान्यात ॥, वर ८/३. नंबर 318/25. स्त्री, ५२. स्तनातली गाठ. आला १०.३०. रिपोर्ट १३/३.

माझ्याबरोबरच्या मुलीने सरळ भरलं : आला `2025-03-08 10:30`. फॉर्मवर हॉस्पिटलने लिहिलं होतं, गाठ दुपारी २.५० ला काढली, ३.१० ला फॉर्मलिनमध्ये टाकली, तारीख ८ मार्च. ते `E` आणि `F` मध्ये गेलं. काढल्यापासून येईपर्यंतचे तास आले उणे ४.३३. गाठ पेशंटच्या अंगात असतानाच लॅबमध्ये पोचली होती!

ती म्हणाली, "फॉर्मवरच चूक असेल, सकाळचं ऑपरेशन असणार." तसंही असू शकलं असतं. आम्ही पान परत बघितलं. आदल्या ओळीतल्या नमुन्याची वेळ ६.४५ होती, निळ्या शाईत. ही ओळ काळ्या शाईत, दुसऱ्या हाताची. पावत्यांची फाइल काढली. या नंबराची पावती १० मार्चची, सकाळी १०:३८ ची निघाली. ८ मार्च शनिवार होता. म्हणजे नमुना सोमवारी आला होता आणि रेघा शनिवारच्या ओढल्या गेल्या होत्या. `G` मध्ये `2025-03-10 10:30` गेलं, `K` मध्ये "G तारीख पावतीवरून".

आता तास लागले. काढल्यापासून येईपर्यंत ४३.६७. गाठ दीड दिवसाहून जास्त हॉस्पिटलमध्ये आणि वाटेत होती. ग्रॉस सोमवारी दुपारी १२:१५ ला, प्रोसेसर संध्याकाळी ६ ला, पॅथॉलॉजिस्ट मॅडमची सही बुधवारी १२ मार्चला संध्याकाळी ५:२० ला. आल्यापासून सहीपर्यंत ५४.८३ तास. रजिस्टर जसं लिहिलं होतं तसं वाचलं असतं तर लॅबने पाच दिवस घेतले असं दिसलं असतं. नातेवाईक १३ तारखेला, धुळवडीच्या आदल्या दिवशी, रिपोर्ट घेऊन गेले, एवढाच त्या १३/३ चा अर्थ होता.

फॉर्मलिनचे तास वेगळे काढले. काढल्यापासून फॉर्मलिनमध्ये जाईपर्यंत २० मिनिटं, म्हणजे एका तासाच्या आत. फॉर्मलिनचा शेवट मात्र प्रोसेसरला लावल्याची वेळ नसते. आमच्या प्रोसेसरमध्ये पहिले दोन डबे फॉर्मलिनचेच आहेत, प्रत्येकी एक तास. कॅसेट अल्कोहोलमध्ये पडली रात्री ८ ला. शनिवारी १५:१० पासून सोमवारी २०:०० पर्यंत ५२.८३ तास. ६ ते ७२ मध्ये बसलं. तुमच्या मशीनचा कार्यक्रम वेगळा असेल, म्हणून तो एकदा बघून ठेवा. सुट्टीच्या दिवशी उशिरा सुरू व्हायला लावलेलं मशीन असेल तर कॅसेट रात्रभर फॉर्मलिनमध्येच बसलेल्या असतात, तेही तास धरायचे.

आकडा नियमात बसला तरी गोष्ट तिथे संपली नाही. गाठ साडेचार सेंटिमीटरची होती आणि हॉस्पिटलने ती अखंडच बरणीत टाकली होती, बरणीही अरुंद तोंडाची. मॅडमनी सोमवारी काप दिला तेव्हा कडा राखाडी आणि घट्ट होत्या, मधला भाग गुलाबी आणि मऊ. बाहेरचा थर ५२ तास फॉर्मलिनमध्ये होता, पण मधल्या भागापर्यंत फॉर्मलिन नीट पोचलंच नव्हतं. मॅडमनी कडेचा, घट्ट झालेला भाग निवडून त्याचा ब्लॉक पुढच्या तपासणीसाठी राखला आणि रिपोर्टात तसं नोंदवलं. आम्ही शेऱ्यात लिहिलं : "अखंड आली, काप १०/३ ला १२:१५, मध्य मऊ". म्हणून मोठ्या नमुन्याला `H` हा रकाना भरलाच पाहिजे. काप कधी मिळाला हे माहीत नसेल तर फॉर्मलिनचे तास नुसते बघून समाधान मानू नका. मोठा नमुना आल्याबरोबर पाच-पाच मिलिमीटरवर काप देऊन, नमुन्याच्या किमान दहापट फॉर्मलिनमध्ये ठेवायचा असतो, आणि काप कुठून द्यायचा ते मॅडमना किंवा सरांना विचारूनच.

उशीर कुठे होतो

महिनाभराची शीट भरली की आल्यापासून सहीपर्यंतचा मधला आकडा काढा. सरासरी घेऊ नका. मांडीच्या हाडाचं डोकं ॲसिडमध्ये मऊ व्हायला कित्येक दिवस लागतात, असे दोन-तीन नमुने सगळी सरासरी ओढून नेतात. प्रकारवार मध्यक असा मिळतो (इथे `O` हा आल्यापासून सहीपर्यंतच्या तासांचा रकाना) :

```
=MEDIAN(FILTER(O:O,C:C="लहान"))
```

गुगल शीट्समध्ये हे चालतं, जुन्या एक्सेलमध्ये `FILTER` नसतं. तिथे प्रकारवार गाळणी लावा आणि `O` च्या बाहेरच्या खान्यात `=AGGREGATE(12,5,O:O)` टाका, कारण नुसतं `MEDIAN` गाळणीने लपलेल्या ओळीही धरतं.

आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं की उशीर स्लाइड बघण्यात होतो. शीटमध्ये तो "आला" आणि "प्रोसेसर" यांच्या मध्ये निघाला. प्रोसेसर रोज एकदाच, संध्याकाळी ६ ला लागतो आणि रात्रभर चालतो. ग्रॉसिंग साडेपाचला थांबतं. दुपारी १ ला आलेली, सकाळीच काढलेली पित्ताची पिशवी त्याच संध्याकाळी आत जाते, म्हणजे ५ तास. ५:५० ला आलेली तशीच पिशवी दुसऱ्या संध्याकाळची वाट बघते, २४.१७ तास. हा फरक लॅबच्या हाताच्या वेगाचा नाही, फक्त पोचण्याच्या वेळेचा आहे. आणि शनिवारी संध्याकाळी आलेली असेल तर सोमवारच.

हे बघायला एका रकान्यात `=HOUR(G2)` टाका, त्यावरून ओळी लावा आणि हॉस्पिटलच्या कोडकडे बघा. आमच्या शीटमध्ये एकाच रस्त्यावरच्या दोन हॉस्पिटलांचे नमुने जवळजवळ रोज सहा ते सातच्या मध्ये येत होते. त्यांची ऑपरेशनं सकाळची असायची, बरण्या दुपारी तयार असायच्या, पण त्या घेऊन येणारा माणूस त्याची बाकीची कामं उरकून मग एसटीने निघायचा. तिथल्या सिस्टरांशी फोनवर बोललो, आकडे दाखवले, आणि तो आता दोनच्या गाडीने निघतो. त्या दोन हॉस्पिटलांचे लहान नमुने तेव्हापासून त्याच संध्याकाळी लागतात. मोठे लागत नाहीत, कारण काप देऊन रात्रभर फॉर्मलिन लागतंच. तिथे घाई केली तर सेक्शन फाटतात आणि कर्करोगाचा कडा-किनारा वाचता येत नाही. मोठ्या नमुन्याचा `I` दुसऱ्या दिवसाचा असेल तर तो उशीर समजू नका.

रविवार वजा करायचा का, असं नवे लोक विचारतात. फॉर्मलिनचे तास काढताना कधीच नाही. डॉक्टरांना रिपोर्ट कधी मिळेल हे सांगण्यासाठी हवे तर कामाचे दिवस वेगळ्या रकान्यात मोजा.

`E` रिकामाच राहतो तेव्हा

पहिल्या महिन्यात तुमचा `E` आणि `F` बऱ्याच ओळींत रिकामा राहील. ते तुमचं अपयश नाही, ती वेळ कुणी लिहिलेलीच नसते. आम्ही त्यासाठी एक रबरी शिक्का करून घेतला : "काढला ___ वाजता, फॉर्मलिन ___ वाजता, तारीख ___". फॉर्मचे गठ्ठे हॉस्पिटलांना देण्याआधी प्रत्येकावर तो मारतो. ओटीतल्या सिस्टरला फक्त तीन जागा भरायच्या असतात. दोनदा कोरा आला की त्या हॉस्पिटलला फोन करतो, तेही नमुना आल्याच्या दिवशीच, कारण दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर अंदाजाने मिळतं.

वेळ बरणीवरही लिहायला सांगा, पण बरणीच्या अंगावर, झाकणावर नाही. ग्रॉसिंगच्या टेबलावर चार झाकणं एकत्र पडलेली असतात, आणि झाकणावर लिहिलेली वेळ आणि नाव तेव्हा दुसऱ्याच्या बरणीवर जातं. साधं पेन फॉर्मलिनने पुसलं जातं, म्हणून पेन्सिल किंवा न पुसणारा मार्कर वापरायला द्या. आम्ही प्रत्येक हॉस्पिटलला फॉर्मच्या गठ्ठ्याबरोबर एक मार्कर देतो.